गुडघ्याच्या पार्शल मेनिसेक्टॉमीची ऑपरेटिव्ह नोट: नव्या रेसिडेंटसाठी

निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार मध्यंतरी ओपीडीत आले. तीन वर्षांपूर्वी दुसरीकडे त्यांच्या उजव्या गुडघ्याची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली होती. छाटणीच्या दिवसांत उकिडवं बसून उठताना आतल्या बाजूला पुन्हा कळ यायला लागली होती. पिशवीतून जुनी फाइल आणि नवा एमआरआय काढून टेबलावर ठेवत म्हणाले, "डॉक्टर, गादी पुन्हा फाटली का हो?"

फाइलमध्ये ऑपरेशनबद्दल तीन वाक्यं होती. 'मीडियल मेनिस्कस टेअर. पार्शल मेनिसेक्टॉमी डन. पेशंट स्टूड द प्रोसीजर वेल.'

नव्या एमआरआयमध्ये पोस्टीरिअर हॉर्न आखूड दिसत होता आणि त्यातला सिग्नल पृष्ठभागापर्यंत येत होता. ऑपरेशन न झालेल्या गुडघ्यात हे चित्र दिसलं की आपण 'फाटलाय' म्हणून मोकळे होतो. एकदा तासलेल्या मेनिस्कसमध्ये ते चालत नाही. आधी आत दडलेला सिग्नल तासल्यामुळे कडेला उघडा पडतो आणि हुबेहूब नव्या फाटीसारखा दिसतो. किती मिलिमीटर काढला, किती ठेवला, उरलेल्या रिममध्ये एखादी आडवी चीर मुद्दाम सोडली होती का, एवढं लिहिलेलं असतं तर मी त्यांना तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं. ते नव्हतं, म्हणून सांध्यात कॉन्ट्रास्ट टाकून दुसरा एमआरआय करावा लागला. खर्च त्यांचा, आणि चूक त्यांची नाही.

तेव्हापासून रेसिडेंटला मी सांगतो की हा गुडघा पुन्हा उघडणाऱ्या माणसासाठी नोट लिहायची. त्याला जे काढलं त्याहून जे उरलं ते जास्त कळायला हवं. कॅशलेसवाला, विद्यापीठाचा परीक्षक, वकील, सगळे तीच नोट वाचतात, पण त्या पुढच्या सर्जनची गरज भागली की बाकीच्यांची आपोआप भागते.

खालचा साचा मी कबड्डी खेळताना गुडघा पिळवटलेल्या, सातपूर एमआयडीसीत काम करणाऱ्या ३४ वर्षांच्या एका कामगाराच्या डाव्या गुडघ्यावरून दाखवतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. प्रत्यक्षात आपण नोट इंग्रजीत लिहितो. इथे शब्द देवनागरीत आहेत, जागा त्याच.

पहिली पायरी: नोटचं डोकं

नाव, वय, आयपीडी क्रमांक, तारीख, सर्जन, असिस्टंट, भूलतज्ज्ञ. यात शिकवण्यासारखं काही नाही. 'बाजू' मात्र पूर्ण शब्दात लिहा, आरटी-एलटी नको. घाईच्या अक्षरात आर आणि एल एकमेकांत मिसळतात. संमतीपत्र, कातडीवरची खूण आणि टाइम-आउट, तिन्ही ठिकाणी तीच बाजू होती हे एका वाक्यात नोंदवा.

पुढची ओळ इंडिकेशनची. इथे नुसतं 'मेनिस्कस टेअर' लिहून भागत नाही. फिनलंडच्या २०१३ सालच्या चाचणीत, झीज होऊन फाटलेल्या मेनिस्कसवर केलेली पार्शल मेनिसेक्टॉमी खोट्या शस्त्रक्रियेपेक्षा सरस ठरली नाही. त्यामुळे 'हा गुडघा का उघडला?' हा प्रश्न आता कोणीही विचारू शकतो. दुखापत झाली होती का, केव्हा, तक्रार नेमकी काय, फिजिओथेरपी किती आठवडे दिली आणि तिने काय साधलं, हे दोन ओळींत यायलाच हवं. आपल्या कामगाराबाबत ते असं: कबड्डीत पिळवटल्याला तीन महिने, आतल्या सांधेरेषेवर दुखणं, उकिडवं बसताना अडकणं, सहा आठवड्यांच्या फिजिओथेरपीनंतरही तक्रार कायम.

दुसरी पायरी: भूल, तपासणी, मांडणी

अँटिबायोटिकची मात्रा आणि वेळ घड्याळात बघून लिहा. चीर देण्याआधीच्या ६० मिनिटांत, आणि टूर्निकेट फुगवण्याच्या आधी ते रक्तात गेलेलं हवं. टूर्निकेट फुगल्यावर दिलेलं औषध गुडघ्यापर्यंत पोहोचत नाही. नोटमध्ये दोन्ही वेळा असल्या की क्रम बरोबर होता का ते वाचणाऱ्याला लगेच कळतं. टूर्निकेटचा दाब, फुगवल्याची आणि सोडल्याची वेळ लिहा. 'टूर्निकेट युज्ड' एवढ्यावरून काहीच कळत नाही. लावून ठेवला पण फुगवला नाही, तर तेही लिहा.

भूल दिल्यावर गुडघा सैल पडतो. ओपीडीत दुखण्यामुळे न सापडलेली एसीएलची ढिलाई अशा वेळी हाताला लागते. म्हणून गुडघ्याची हालचाल अंशांत, सांध्यात पाणी आहे की नाही, लॅकमन, पिव्हट शिफ्ट आणि दोन्ही बाजूंचा ताण, हे ड्रेपिंगच्या आधी तपासून लिहा. दुसऱ्या गुडघ्याशी तुलना केली असेल तर तसं नमूद करा.

पोझिशन, पोर्टल, स्कोपचा कोन, द्रव कोणता आणि पंपाचा दाब किती, हे एका ओळीत आटपतं. पंप नसेल आणि सलाईन स्टँडवरून सोडलं असेल तर तसं लिहायला लाजू नका.

तिसरी पायरी: गुडघ्यातली फेरी

रोज एकाच क्रमाने फिरा आणि त्याच क्रमाने लिहा. मी सुप्रापटेलर पाउच, पटेला आणि ट्रॉक्लिया, लॅटरल गटर, मीडियल गटर, मीडियल कंपार्टमेंट, नॉच आणि शेवटी पाय चौकडीत घेऊन लॅटरल कंपार्टमेंट असा जातो. तुमचा क्रम वेगळा असला तरी हरकत नाही, पण तो रोज बदलू नये.

प्रत्येक जागेपुढे तीनपैकी एक उत्तर हवं: 'पाहिली, नॉर्मल होती', 'पाहिली, हे सापडलं' किंवा 'पाहिली नाही'. नवे लोक तिसरं उत्तर कधीच लिहीत नाहीत, कारण ते कमीपणाचं वाटतं. मीडियल मेनिस्कसच्या पोस्टीरिअर हॉर्नमागची कॅप्सूलची जोडणी समोरच्या पोर्टलमधून सहसा दिसत नाही. त्यासाठी पीसीएल आणि मीडियल फीमोरल कॉन्डाइलच्या मधून स्कोप मागे सरकवावा लागतो. तो सरकवला नसेल तर 'पोस्टेरोमीडियल भाग पाहिला नाही' असंच लिहा. न पाहिलेल्या जागेला नॉर्मल म्हटलंत तर पुढचा सर्जन तिथे शोधणारच नाही.

कार्टिलेजच्या ग्रेडबाबत एक गोंधळ नेहमी होतो. नुसतं 'ग्रेड २' लिहिलं तर कोणत्या पद्धतीचं? आउटरब्रिजच्या मूळ वर्गवारीत ग्रेड २ आणि ३ मधला फरक भेगाळलेल्या जागेच्या आकारावर, म्हणजे अर्ध्या इंचाच्या आत की बाहेर, यावर ठरतो. आयसीआरएसमध्ये तो खोलीवर ठरतो, कार्टिलेजच्या निम्म्या जाडीच्या आत की पलीकडे. त्यातच एमआरआय रिपोर्टमध्ये मेनिस्कसच्या सिग्नलचे वेगळे ग्रेड असतात. एकाच फाइलमध्ये तीन अर्थांचा 'ग्रेड' फिरत असतो. म्हणून पद्धतीचं नाव, ग्रेड, जागा आणि मिलिमीटरमध्ये लांबी-रुंदी असं चारही लिहा.

मिलिमीटर मोजायचे प्रोबने. तुमच्या ओटीतल्या प्रोबचा आकडा किती लांब आहे ते एकदा स्टीलच्या पट्टीवर मोजून ठेवा. सगळे प्रोब सारखे नसतात. आमच्याकडे एक ३ मिमीचा आणि एक ५ मिमीचा होता. कोणता ट्रेमध्ये आलाय ते न बघता मोजल्यामुळे एकाच रुग्णाचा डाग दोन नोंदींत दोन मापांचा झाला होता.

चौथी पायरी: मेनिस्कसचा परिच्छेद

नोटचा जीव इथे आहे, म्हणून इथे वेळ घालवा. आयसाकोसच्या वर्गवारीतले मुद्दे धरून चाललं की काही सुटत नाही. मी ते प्रश्नांच्या रूपात लक्षात ठेवतो.

कोणता मेनिस्कस आणि त्याचा कोणता भाग? अँटीरिअर हॉर्न, बॉडी की पोस्टीरिअर हॉर्न. दोन भागांत पसरली असेल तर कुठून कुठपर्यंत. लॅटरल असेल तर पॉप्लिटिअल हायटसच्या समोर फाट येते का, तेही लिहा. तिथे मेनिस्कसला मागून कॅप्सूलचा आधार नसतो, त्यामुळे हिशोब वेगळा पडतो.

फाट कॅप्सूलच्या किती जवळ गेली? झोन १ म्हणजे रिम ३ मिमीपेक्षा कमी, झोन २ म्हणजे ३ ते ५ मिमीच्या आत, झोन ३ म्हणजे ५ मिमी किंवा जास्त. रक्तपुरवठा कॅप्सूलच्या बाजूने येतो. त्यामुळे शिवलं का नाही याचं निम्मं उत्तर या आकड्यात असतं.

आकार कोणता? उभी लांब, आडवी, रेडियल, उभा फ्लॅप, आडवा फ्लॅप की गुंतागुंतीची. पूर्ण जाडीची की अर्धवट? लांबी किती? ऊती ताजी वाटली की झिजलेली? आणि रूट? पोस्टीरिअर रूटला प्रोब लावून ओढून पाहिलं आणि ती घट्ट होती, हे वेगळं वाक्य म्हणून लिहा. रूट सुटलेली असताना नुसता फ्लॅप कापून बाहेर आलो तर रुग्णाचं दुखणं तसंच राहतं, आणि नंतर 'रूट तेव्हा ठीक होती का' याचं उत्तर कोणाकडेच नसतं.

यानंतरचं वाक्य बहुतेक नोटमध्ये सापडत नाही: शिवलं का नाही? 'नॉट रिपेरेबल' हा झाला निष्कर्ष, कारण नव्हे. आपल्या कामगाराचा फ्लॅप आतल्या पांढऱ्या भागातला होता, त्याची कड दबून गोळा झाली होती आणि प्रोबने जागेवर बसवला तरी तो परत उलटत होता. हे लिहिलं की ३४ वर्षांच्या माणसाची गादी का कापली ते वाचणाऱ्याला पटतं. पुढे जाऊन तुमचा निर्णय त्याला पटला नाही तरी तो कशावरून घेतला ते त्याला दिसतं.

आता काढणं. कोणती पंच वापरली, शेव्हर किती मिमीचा, हे एका ओळीत. महत्त्वाचे आकडे तीन: जास्तीत जास्त किती रुंदीचा तुकडा काढला, किती लांबीत काढला, आणि सर्वात अरुंद जागी किती रिम उरली. त्यानंतर, उरलेली कड प्रोबने तपासली, ती स्थिर आहे आणि सांध्यात ओढली जात नाही, हे.

टक्केवारी लिहिणार असाल तर कशाची टक्केवारी ते सांगा. आपल्या केसमध्ये साधारण ६ मिमी रुंद आणि १४ मिमी लांब, दोन्ही टोकांना निमुळता होत जाणारा तुकडा गेला. हे पूर्ण मीडियल मेनिस्कसच्या १० टक्क्यांच्या आसपास होतं, पण नुसत्या पोस्टीरिअर हॉर्नच्या जवळजवळ पाव. एक जण '१०%' लिहील, दुसरा '२५%', आणि दोघंही बरोबर असतील. म्हणून मला टक्क्यांपेक्षा रिमचे मिलिमीटर जास्त भरवशाचे वाटतात.

आणि चित्र काढा. दोन चंद्रकोरी, त्यावर फाट रेघेने, काढलेला भाग तिरप्या रेघांनी भरलेला. चित्रकला वाईट असली तरी चालते, माझी आहेच. फोटो किमान चार ठेवा: फाट प्रोब लावून, तासल्यानंतरची कड प्रोब लावून, रूट, आणि एसीएल. नोटमध्ये फोटोंची संख्या लिहा, म्हणजे नंतर एखादा गहाळ झाला तर कळतं.

मीडियल बाजू घट्ट होती म्हणून एमसीएल सुईने टोचून सैल केलं असेल, तर ते न विसरता नोंदवा. दुसऱ्या दिवशी ड्युटीवरचा माणूस तिथे हात लावतो, रुग्ण ओरडतो, आणि नोटमध्ये काही नसेल तर तो लिगामेंटची दुखापत झाली म्हणून तुम्हाला फोन करतो.

भरलेला साचा

बाजू: डावा गुडघा. संमती, खूण आणि टाइम-आउटमध्ये डावा गुडघा.

इंडिकेशन: वर दिल्याप्रमाणे. एमआरआय: मीडियल मेनिस्कस पोस्टीरिअर हॉर्नची फाट, फ्लॅपची शंका.

शस्त्रक्रियेनंतरचं निदान: मीडियल मेनिस्कस पोस्टीरिअर हॉर्न, उभा फ्लॅप टेअर, मीडियल फीमोरल कॉन्डाइल आयसीआरएस ग्रेड २.

प्रोसीजर: डाव्या गुडघ्याची डायग्नोस्टिक आर्थ्रोस्कोपी, पार्शल मीडियल मेनिसेक्टॉमी.

भूल आणि औषध: स्पायनल. सेफाझोलिन २ ग्रॅम शिरेतून, १०:१५.

टूर्निकेट: डावी मांडी, २८० मिमी पारा, १०:४२ ते ११:१४, एकूण ३२ मिनिटं. चीर १०:४८.

भुलीखाली तपासणी: ० ते १३५ अंश, थोडं पाणी, लॅकमन आणि पिव्हट शिफ्ट निगेटिव्ह, दोन्ही बाजू स्थिर, उजव्या गुडघ्यासारखंच.

मांडणी: उताणी, मांडीला बाहेरून पोस्ट. अँटेरोलॅटरल पोर्टल, अँटेरोमीडियल सुई घालून जागा ठरवून. ४ मिमी, ३० अंशांचा स्कोप. नॉर्मल सलाईन, पंप ५० मिमी पारा.

फेरी: पाउच आणि दोन्ही गटर साफ, सुटे तुकडे नाहीत. पटेला, ट्रॉक्लिया नॉर्मल. मीडियल फीमोरल कॉन्डाइलच्या वजन पडणाऱ्या भागावर आयसीआरएस ग्रेड २, १० गुणिले ८ मिमी. काही केलं नाही. मीडियल टिबिया नॉर्मल. एसीएल, पीसीएल प्रोबने ताठ. लॅटरल मेनिस्कस आणि कार्टिलेज नॉर्मल. पोस्टेरोमीडियल भाग नॉचमधून पाहिला, कॅप्सूलची जोडणी शाबूत.

मीडियल मेनिस्कस: पोस्टीरिअर हॉर्न, रूटपासून १२ मिमीवर सुरू होणारा, पूर्ण जाडीचा उभा फ्लॅप, लांबी १२ मिमी, सर्वात खोल जागी रिम ६ मिमी, झोन ३. ऊती झिजलेली नाही. रूट घट्ट. पांढऱ्या भागात, कड गोळा झालेली, जागेवर बसत नाही, म्हणून शिवला नाही.

काय केलं: सरळ आणि वर वळलेल्या पंचने फ्लॅप काढला, ४ मिमी शेव्हरने कड गुळगुळीत केली. काढलेला भाग जास्तीत जास्त ६ मिमी रुंद, १४ मिमी लांब. सर्वात अरुंद जागी ५ मिमी रिम शिल्लक, प्रोबने स्थिर. एमसीएल सैल केलं नाही. आकृती आणि ४ फोटो सोबत.

शेवट: सांधा धुतला, पोर्टल ३-० नायलॉनने बंद. ड्रेन नाही, इम्प्लांट नाही, गुंतागुंत नाही. मोजणी बरोबर. टूर्निकेट सोडल्यावर पाऊल उबदार, नाडी लागते.

पुढे: सोसेल तसं वजन, आजपासून मांडीचे स्नायू आवळणं आणि पाय सरळ उचलणं. टाके १० ते १२ दिवसांनी. पोटरीत दुखणं, ताप, वाढती सूज आली तर लगेच यावं. ५ मिमी रिम शिल्लक असल्याचं रुग्णाला व पत्नीला सांगितलं. उकिडवं बसणं व कबड्डी फॉलोअपनंतर ठरवणार.

बघा, उरलेली रिम फाटीजवळ मोजलेल्या रिमपेक्षा एक मिलिमीटरने कमी आहे. कड उतरती करण्यासाठी तेवढी आत जावीच लागते. पण नोटमध्ये फाट ६ मिमीवर आणि उरलेली रिम ८ मिमी असं आलं तर कुठेतरी मोजमाप चुकलंय. सही करण्याआधी हे दोन आकडे समोरासमोर ठेवून बघा. वेळांचंही तसंच: अँटिबायोटिक, टूर्निकेट, चीर, टूर्निकेट सोडणं हा क्रम उलटा झाला तर नोट घाईत लिहिलीय हे कोणालाही दिसतं.

पाचवी पायरी: कधी आणि कशी लिहायची

पुढचा पेशंट टेबलवर यायच्या आत. चार केसेस संपवून चहा घेता घेता लिहायला बसलात की दुसऱ्याचा रिम तिसऱ्याला जातो. मी मोजमापं तोंडाने बोलतो आणि बाहेरची सिस्टर किंवा ज्युनिअर ती कागदावर टिपते. "रिम सहा, लांबी बारा, रूट घट्ट" असं. नोट लिहिताना तो कागद शेजारी असतो.

संगणकावर साचा ठेवला असेल तर त्यात पोझिशन, पोर्टल, टाके हे आधीपासून भरलेलं चालेल. 'एसीएल इंटॅक्ट', 'लॅटरल मेनिस्कस नॉर्मल', 'गुंतागुंत नाही' हे आधीपासून भरून ठेवू नका. त्या जागा रिकाम्या ठेवा, म्हणजे तिथे काहीतरी टाइप करावंच लागेल. कालची नोट कॉपी करून आजचं नाव टाकणं तर अजिबात नको. एका ठिकाणी मी असताना डाव्या गुडघ्याच्या नोटमध्ये 'मांडीवर टूर्निकेट, उजवी' राहून गेलं होतं. शस्त्रक्रिया योग्य बाजूला झाली होती, पण कॅशलेसचा दावा अडकला आणि खुलासा देता देता सगळ्यांच्या नाकी नऊ आले.

भरती रुग्णाचे कागद किमान ३ वर्षं जपणं आणि मागितल्यावर ७२ तासांत देणं आपल्यावर मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनी बंधनकारक आहे. डिस्चार्ज कार्डवर नोटचा मेनिस्कसचा परिच्छेद आणि आकृती मी तशीच उतरवून देतो. आपली फाइल हरवली तरी रुग्णाच्या पिशवीत ती राहते.

नोटमध्ये चूक सापडली तर खोडरबर, व्हाइटनर नको. चुकीच्या शब्दावर एक रेघ मारा, मूळ अक्षर वाचता यायला हवं. बाजूला दुरुस्ती, तारीख, वेळ आणि सही. दुसऱ्या दिवशी फोटो बघताना काही नवं लक्षात आलं तर ते जुन्या परिच्छेदात घुसवू नका. खाली 'पुरवणी नोंद' म्हणून त्या दिवशीच्या तारखेने लिहा.